अवघड वाक्य सोपं करताना ‘केवळ’ कुठे हरवतं?

अभ्यासगटासाठी तत्त्वज्ञानातलं वाक्य सोपं करून आणायचं काम ज्याच्याकडे येतं, तो बहुतेक वेळा मोठ्या शब्दांपासून सुरुवात करतो. ‘साध्य’ म्हणजे काय, ‘मानवता’ म्हणजे काय, हे कोशात पाहतो, प्रत्येकाच्या जागी सोपा शब्द बसवतो आणि वाक्य तयार झालं असं समजतो. मग गटात वाद रंगतो तो मूळ लेखकाने कधी न केलेल्या विधानावर. अर्थच्छटा मोठ्या शब्दांत कमी आणि छोट्या शब्दांत जास्त असते. म्हणून इथे कामाचा क्रम उलटा ठेवला आहे. आधी छोटे शब्द, मग मोठे, आणि सोपी भाषा सर्वांत शेवटी.

एकच वाक्य घेऊन सगळ्या पायऱ्या करू. इमान्युएल कांट यांच्या १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या ग्रंथात, दुसऱ्या प्रकरणात हे वाक्य येतं. मूळ जर्मन रचनेला धरून त्याचं मराठी साधारण असं होतं:

“अशा रीतीने वाग, की स्वतःच्या तसेच इतर प्रत्येकाच्या ठायी असलेल्या मानवतेचा वापर तू नेहमी त्याच वेळी साध्य म्हणून करशील, कधीही केवळ साधन म्हणून करणार नाहीस.”

आमच्या गटात हे वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं, तेव्हा मी लिहून नेलं होतं: ‘माणसांचा वापर करू नका.’ एका सदस्याने लगेच विचारलं, “मग मी तुमच्याकडून टिपणं मागतो, तेही चूक?” पुढचा तासभर आम्ही त्यावरच भांडलो. कांट यांनी याचं उत्तर वाक्यातच दिलं होतं आणि ते मी घरीच गाळून आलो होतो.

## १. तयारी: वाक्य एकटं उचलू नका

वाक्याच्या आधीचा परिच्छेद आणि नंतरची दोन पानं वाचा. नंतरचा भाग जास्त महत्त्वाचा, कारण लेखक बहुधा तिथे उदाहरणं देतो. कांट यांनी या वाक्यापाठोपाठ चार उदाहरणं दिली आहेत. दुःखाला कंटाळून जीव देऊ पाहणारा, फेडायचा इरादा नसताना वचन देऊन पैसे उसने घेणारा, अंगचे गुण न वाढवता आरामात राहणारा, आणि स्वतःचं बरं चाललेलं असल्यामुळे दुसऱ्याच्या अडचणीत हात न देणारा. या चौघांना एका कागदावर उतरवून ठेवा. सहाव्या पायरीत त्यांची गरज पडेल.

मूळ भाषा येत नसेल तर एकाच वाक्याची दोन वेगवेगळी भाषांतरं शेजारी ठेवा आणि ती जिथे वेगळी पडतात तिथे खूण करा. भाषांतरकारांना जिथे निवड करावी लागली, तिथेच तुम्हालाही करावी लागणार आहे. आपल्या वाक्यात अशी एक जागा क्रियापदाची आहे. काही भाषांतरांत ‘साध्य म्हणून वागव’ आणि ‘साधन म्हणून वापर’ अशी दोन क्रियापदं दिसतात. मूळ जर्मन वाक्यात क्रियापद एकच आहे आणि त्याचा अर्थ ‘वापरणे’ असाच होतो. म्हणजे माणसं एकमेकांच्या उपयोगी पडतात हे वाक्याने आधीच धरून चाललेलं आहे. मी टिपणांचा तो प्रश्न ऐकून गडबडलो, त्याचं कारण हेच माझ्या नजरेतून सुटलं होतं.

शेवटी एक ओळ लिहा: हे वाक्य कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? इथे प्रश्न असा: ‘कोणत्याही हेतूने काही करताना मी कोणती मर्यादा ओलांडू नये, आणि कशाला पाठबळ द्यावं?’ ‘चांगला माणूस कोण’ हा प्रश्न इथे नाही.

तपासा: प्रश्न लिहिताना मूळ वाक्यातला एखादा जड शब्द जसाच्या तसा वापरावा लागला, तर तो शब्द अजून कळलेला नाही. लेखणी ठेवा आणि संदर्भ पुन्हा वाचा.

## २. सांगाडा काढा

आता वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधा आणि त्याला टेकलेल्या गोष्टी सुट्या करा. इथे सांगाडा असा निघतो: ‘असं वाग. मानवतेचा वापर साध्य म्हणून कर. साधन म्हणून करू नकोस.’ हे मुद्दाम चुकीचं, उघडंबोडकं वाक्य आहे. त्याचं काम एवढंच की आता कागदावर उरलेले शब्द वेगळे दिसू लागतात: नेहमी, त्याच वेळी, कधीही, केवळ, स्वतःच्या तसेच इतर प्रत्येकाच्या, ठायी असलेल्या.

सावध: सांगाडा सोपा आणि जोरकस वाटतो, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. फळ्यावर लिहायला सुटसुटीत म्हणून हाच पुढे फिरतो.

## ३. छोटे शब्द एकेक करून काढून पाहा

सगळ्या कामातली ही सर्वांत जास्त वेळ घेणारी पायरी आहे आणि तो वेळ द्या. पद्धत साधी आहे. पूर्ण वाक्य घ्या, एक छोटा शब्द खोडा आणि विचारा: आता कोणती कृती नव्याने चूक ठरली, किंवा कोणती चूक सुटून गेली? उत्तर प्रत्यक्ष कृतीच्या रूपात आलं पाहिजे. ‘जोर कमी झाला’ हे उत्तर पुरत नाही.

‘केवळ’ खोडा. उरतं: ‘कधीही साधन म्हणून वापर करणार नाहीस.’ आता अनोळखी माणसाला रस्ता विचारणंही चूक ठरतं. वैद्याकडून उपचार घेणं, शिक्षकाकडून शिकणं, सगळंच. म्हणजे ‘केवळ’ हा शब्द परवानगी देतो. तो गेला की वाक्य पाळणं अशक्य होतं, आणि न पाळता येणारं वाक्य गट सोडून देतो.

‘त्याच वेळी’ खोडा. उरतं: ‘नेहमी साध्य म्हणून.’ हे ऐकताना साध्य आणि साधन यांतलं एकच निवडायचं आहे असं वाटू लागतं. मूळ वाक्य म्हणतं की उपयोग चालू असतानाच दुसरी गोष्टही चालू हवी. खोटं वचन देऊन पैसे घ्यायचे आणि पुढच्या महिन्यात त्या माणसाशी फार आदराने वागायचं, ही पळवाट ‘त्याच वेळी’मुळे बंद होते. ‘केवळ’ आणि ‘त्याच वेळी’ ही जोडी आहे. सोप्या वाक्यात एक ठेवून दुसरा टाकला की अर्थ एका बाजूला कलतो.

‘स्वतःच्या तसेच’ खोडा. जीव देऊ पाहणारा आणि अंगचे गुण वाया घालवणारा, ही दोन उदाहरणं वाक्याबाहेर पडतात. चारांतली दोन. हा भाग सर्वांत सहज गळतो, कारण नीती म्हणजे दुसऱ्याशी वागणं अशी आपली बोलण्याची सवय आहे.

‘ठायी असलेल्या’ हे वरवर निव्वळ सजावटीचं वाटतं. ते काढलं तर ‘माणसाला साध्य मान’ असं होतं, आणि त्याचा अर्थ गटात ‘प्रत्येकाच्या इच्छेला मान द्या’ असा घेतला जातो. कांट यांचं बोट माणसातल्या एका विशिष्ट गोष्टीकडे आहे, त्याच्या प्रत्येक लहरीकडे नाही. ती गोष्ट कोणती, ते पुढच्या पायरीत पाहू.

‘नेहमी’ आणि ‘कधीही’ काढले तर नियमाचा सल्ला होतो. यावर जास्त वेळ नको.

मराठीत या पायरीवर एक खास धोका आहे, तो ‘च’चा. ‘साधन म्हणूनच वापरू नकोस’ आणि ‘साधन म्हणून वापरूच नकोस’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात ‘केवळ’ शाबूत आहे, दुसऱ्यात सरसकट बंदी आहे. एक अक्षर एका शब्दाने पुढे सरकलं आणि सिद्धांत बदलला. शिवाय पहिलं वाक्यसुद्धा घाईत ऐकलं तर दुसऱ्यासारखं ऐकू येतं. म्हणून वाचून दाखवायच्या मजकुरात ‘च’वर विसंबू नका, ‘नुसतं’ किंवा ‘केवळ’ असा पूर्ण शब्द ठेवा. ‘ही’ मात्र उपयोगी आहे: ‘साध्य म्हणूनही’ यात ‘त्याच वेळी’ची अर्धी कामगिरी आपोआप होते.

तपासा: प्रत्येक छोट्या शब्दापुढे एक कृती लिहिली गेली आहे का? एखाद्या शब्दापुढे काहीच सुचत नसेल तर तो खरंच निरुपयोगी असेल, किंवा तुम्ही तो वाचलाच नसेल. दुसरी शक्यता आधी धरा.

## ४. मोठे शब्द: कोणता बदलायचा, कोणता ठेवायचा

आता ‘मानवता’, ‘साध्य’, ‘साधन’. यांतला ‘साधन’ तसाच राहू द्या, तो सगळ्यांना कळतो.

‘मानवता’ हा फसवा शब्द आहे. मराठीत तो ऐकला की माणुसकी आठवते, म्हणजे दया, कणव, मदतीला धावून जाणं. दुसरा अर्थ मानवजात, सगळी माणसं मिळून. मूळ जर्मन शब्दालाही ‘मानवजात’ असा अर्थ आहे, पण इथे तो अभिप्रेत नाही. इथे रोख आहे माणसाला माणूस करणाऱ्या गोष्टीवर: स्वतः विचार करून आपली उद्दिष्टं ठरवण्याची क्षमता. ‘माणुसकी’ लिहिलं तर वाक्य ‘दयाळूपणे वागा’ असं होईल. खोटं वचन देऊन पैसे घेणारा दयाळू असू शकतो, तरी तो या वाक्याने चुकतोच. मी इथे ‘माणूसपण’ घेतो आणि पहिल्याच ओळीत त्याचा अर्थ सांगतो. ‘माणूसपण’ला आधीच चिकटलेला भावनेचा रंग कमी आहे, म्हणून तो नवा अर्थ उचलतो.

‘साध्य’ची अडचण वेगळी. साध्य म्हणजे साधायचं ते, जे अजून झालेलं नाही आणि मिळवायचं आहे. कांट पुढे त्याच प्रकरणात स्पष्ट करतात की हे घडवून आणायचं साध्य नव्हे, ते आधीपासूनच स्वतःच्या बळावर असलेलं आहे, आणि त्याच्याविरुद्ध कधी वागू नये अशा अर्थाने ते साध्य आहे. म्हणून ‘ध्येय’ किंवा ‘उद्दिष्ट’ हे सोपे शब्द इथे चालत नाहीत. ‘माणूस हे ध्येय माना’ ऐकून कोणाला काहीच कळणार नाही, किंवा ‘लोककल्याणाचं ध्येय ठेवा’ असं कळेल. माझा उपाय हा, की शब्द बदलण्याऐवजी तो उलगडायचा: ‘ज्याचं मोल दुसऱ्या कशाच्या उपयोगी पडण्यावर अवलंबून नाही ते.’

सावध: एका वाक्यात एकच पारिभाषिक शब्द ठेवा आणि त्याचा अर्थ तिथेच सांगा. दोन ठेवले तर ऐकणारा दुसऱ्यापाशी पहिला विसरतो. एकही न ठेवता सगळं घरगुती भाषेत आणलं, तर पुढच्या पानावर तोच शब्द आला की गटाला ओळख पटत नाही.

## ५. आधी सुटी विधानं, मग जोडणी

तयार वाक्य लगेच लिहू नका. आधी सुटी, रूक्ष विधानं लिहा:

- प्रत्येक माणसात विचार करून स्वतःची उद्दिष्टं ठरवण्याची क्षमता आहे.
- तिचं मोल दुसऱ्या कशाच्या उपयोगावर अवलंबून नाही.
- माणसाचा उपयोग करून घेणं मुळात चूक नाही.
- तो करून घेत असतानाच त्या क्षमतेची बूज राखली पाहिजे आणि तिला पाठबळ दिलं पाहिजे.
- हे दुसऱ्याला लागू आहे तसं स्वतःलाही.
- याला अपवाद नाही.

एका वाक्याची सहा विधानं झाली, हे बरोबर आहे. मूळ वाक्य आकाराने लहान असलं तरी त्यात एवढं भरलेलं आहे. सोपं म्हणजे लांबीने कमी असा हट्ट धरला की यांतली दोन-तीन विधानं जातात.

आता जोडणी. माझा पहिला खर्डा असा होता: ‘माणसाचा उपयोग करून घेताना त्याच्या माणूसपणाची किंमत राखा.’ ऐकायला छान आहे. पण त्याच प्रकरणात थोडं पुढे कांट म्हणतात की गोष्टींना एकतर किंमत असते किंवा प्रतिष्ठा. जिच्या जागी तेवढ्याच मोलाची दुसरी वस्तू ठेवता येते तिला किंमत, आणि माणूसपणाला प्रतिष्ठा. मी जो शब्द सहज वापरला, तोच लेखकाने माणूसपणासाठी नाकारलेला होता. म्हणून ‘किंमत’च्या जागी ‘बूज’ आला. थोडा जुना आहे, पण ‘बूज राखणे’ म्हणताना मोजमाप मनात येत नाही. तुमच्या गटाला तो अनोळखी असेल तर ‘मान’ घ्या.

जोडून असं झालं:

“प्रत्येक माणसात विचार करून स्वतःची उद्दिष्टं ठरवण्याची क्षमता असते, तिला आपण माणूसपण म्हणू. हे माणूसपण कशाच्या उपयोगी पडतं म्हणून मोलाचं ठरत नाही, ते मुळातच मोलाचं आहे. आपण एकमेकांचा उपयोग करून घेतो, आणि त्यात चूक नाही. पण माणूस दुसरा असो की आपण स्वतः, उपयोग करून घेत असतानाच त्याच्या माणूसपणाची बूज राखली पाहिजे आणि त्याला पाठबळ दिलं पाहिजे. माणसाला नुसतं साधन करून टाकणं कोणत्याही परिस्थितीत चूक आहे.”

## ६. लेखकाच्या उदाहरणांवर घासून पाहा

तयारीत लिहिलेला चौघांचा कागद आता काढा. मूळ ग्रंथ मिटवा. फक्त सोपं वाक्य समोर ठेवून विचारा: या चौघांबद्दल ते तेच सांगतं का, जे कांट सांगतात?

खोटं वचन देणारा पकडला जातो. पैसे देणाऱ्यापासून खरा हेतू लपवला, म्हणजे त्याला विचार करून ठरवायची संधीच दिली नाही. जीव देऊ पाहणारा ‘आपण स्वतः’मुळे येतो: कांट यांच्या मते तो स्वतःला सुसह्य अवस्था टिकवण्याचं नुसतं साधन करतो. मदत न करणारा आणि गुण न वाढवणारा हे खरे परीक्षक आहेत. ते कोणाला फसवत नाहीत, कोणाचा गैरवापर करत नाहीत. माझ्या आधीच्या खर्ड्यात फक्त ‘बूज राखा’ होतं आणि हे दोघे आरामात निसटत होते. वाक्याचा पहिला, होकारार्थी भाग त्यांच्यासाठी आहे: माणूसपणाला धक्का न लावणं पुरेसं नाही, त्याला पुढे न्यायचं आहे. म्हणून ‘पाठबळ दिलं पाहिजे’ हे शब्द घालावे लागले. तुमच्या वाक्यात फक्त ‘करू नका’ उरलं असेल, तर बहुधा हीच चूक झाली आहे.

आणखी एक नेहमीची घसरण इथेच पकडता येते. बरेच जण शेवटी ‘दुसऱ्याने आपल्याशी जसं वागू नये असं वाटतं, तसं आपण वागू नये’ इथे येऊन थांबतात. ओळखीचं आहे, म्हणून पटतं. पण कांट यांनी याच उदाहरणांना जोडलेल्या तळटीपेत हा नियम आपल्या तत्त्वाची जागा घेऊ शकत नाही असं सांगितलं आहे. त्यातून स्वतःबद्दलची कर्तव्यं निघत नाहीत. मदतीची गरज नाकारायला तयार असलेला माणूस मदत न करण्याची सूट त्यातून घेतो. आणि गुन्हेगार न्यायाधीशाला म्हणू शकतो, ‘माझ्या जागी तुम्ही असता तर शिक्षा नको म्हणाला असता.’ ओळखीच्या सुभाषिताशी वाक्य तंतोतंत जुळू लागलं की थांबा आणि लेखकाने तो मार्ग आधीच नाकारला आहे का ते पाहा.

तपासा: मूळ न वाचलेल्या एका माणसाला फक्त सोपं वाक्य वाचून दाखवा आणि विचारा, “रस्ता विचारणं यात बसतं का? खोटं बोलून पैसे उसने घेणं?” उत्तर ‘हो’ आणि ‘नाही’ असं आलं पाहिजे. ‘कळलं का’ असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात.

## ७. गटात मांडताना

आधी मूळ वाक्य वाचा, मग सोपं, मग पुन्हा मूळ. दुसऱ्यांदा मूळ ऐकताना लोकांना ‘केवळ’ आणि ‘त्याच वेळी’ आपोआप ऐकू आले, तर काम झालं. सोपं वाक्य आधी वाचलं तर मूळ वाक्य नंतर उगाच किचकट केल्यासारखं वाटतं आणि कोणी त्याकडे परत जात नाही.

कागदाच्या तळाशी ‘सुटलेलं’ असा मथळा देऊन, जे सोप्या वाक्यात आणता आलं नाही ते एक-दोन ओळींत लिहा. माझ्या कागदावर दोन गोष्टी होत्या. एक, मूळ वाक्य ‘तू’ला केलेली आज्ञा आहे आणि माझं वाक्य वर्णनासारखं झालं आहे. दोन, ‘विचार करून उद्दिष्टं ठरवण्याची क्षमता’ या माझ्या उलगड्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते इथे नैतिक असण्याची क्षमता म्हणायची आहे. त्या दिवशी गटाची चर्चा या दुसऱ्या ओळीवरूनच सुरू झाली, आणि या वेळी वाद कांट यांच्या वाक्यावरच होता.